मोंढ्यातली टोळीची वही आणि लिंक्डइनवरचं ‘माझ्याविषयी’

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाली करणाऱ्या वडिलांची मुलगी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे उदगीरमध्येच बी.कॉम., आणि तीन वर्षांपासून पुण्याजवळच्या एका गोदाम-वाहतूक कंपनीत एमआयएस एक्झिक्युटिव्ह, म्हणजे नोंदींचे आणि हिशेबांचे तक्ते सांभाळणारी. आता तिला धान्य-कडधान्य खरेदी करणाऱ्या कंपनीत, खरेदी विभागात जायचं होतं. अर्ज बरेच केले होते, उत्तरं फारशी आली नव्हती. मी पुरवठा साखळीतल्या जागांसाठी माणसं निवडण्याचं काम करते. ओळखीतून ती माझ्यापर्यंत आली आणि तिचं लिंक्डइनवरचं ‘माझ्याविषयी’ बघायला सांगितलं. ते इंग्रजीत होतं. मराठीत साधारण असं:

‘मी एका छोट्या गावातल्या अत्यंत गरीब कुटुंबातून आले आहे. घरात शिक्षणाचं वातावरण नव्हतं. अनेक अडचणींवर मात करून मी घरातली पहिली पदवीधर झाले. परिस्थितीने मला मेहनत, जिद्द आणि संयम शिकवला. मी प्रामाणिक असून कोणत्याही आव्हानासाठी तयार आहे. मला एका संधीची गरज आहे.’

यातला शब्द न शब्द खरा होता. तरीही हा मजकूर तिच्या कामाचा नव्हता, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हा मजकूर समोरच्याला कसा दिसतो हे आधी बघावं लागतं.

माणूस शोधणारा लिंक्डइनवर पद, ठिकाण, कौशल्य आणि अनुभवाची वर्षं टाकून यादी काढतो. यादीत त्याला नाव, फोटो आणि नावाखालची ओळ दिसते. त्यातून एखादं प्रोफाइल उघडलं तर ‘माझ्याविषयी’च्या पहिल्या तीन-चार ओळी दिसतात, फोनवर त्याहूनही कमी. बाकीचं वाचायला ‘आणखी पाहा’वर बोट ठेवावं लागतं. एकूण जागा 2,600 अक्षरांची असली तरी निकाल त्या पहिल्या ओळींवर लागतो. हिच्या पहिल्या ओळींत गाव होतं, गरिबी होती, पण ती काय काम करते हे कुठेच नव्हतं. खरेदी विभागासाठी माणूस शोधणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की हिला बिलं आणि पावत्या कळतात का. त्याचं उत्तर लगेच दिसलं नाही, तर तो पुढच्या प्रोफाइलकडे वळतो.

दुसरी अडचण जास्त खोल होती. मेहनत, जिद्द, संयम हे गुण तिने सांगितले होते, दाखवले नव्हते. शेवटच्या वाक्याने तर सगळ्या मजकुराला विनंतीअर्जाचं रूप आलं होतं. वाचणाऱ्याला सहानुभूती वाटते, पण सहानुभूतीवर कोणी कोणाच्या हातात खरेदीचे हिशेब देत नाही.

मी हे तिला सांगितल्यावर तिने दोन दिवसांत नवा मजकूर पाठवला, आणि त्यात उदगीरचा मागमूस नव्हता. ‘परिणामकेंद्री व्यावसायिक, माहिती विश्लेषणात निपुण, उत्तम संवादकौशल्य’ असं सगळं. लहान गावातून आलेल्या मुलामुलींच्या बाबतीत मला हे फार वेळा दिसतं. पहिला मजकूर नुसता परिस्थितीचा असतो, आणि कोणी टोकलं की दुसऱ्यात परिस्थिती पुसून टाकलेली असते. पुसलेला मजकूर पहिल्यापेक्षा सुरक्षित वाटतो खरा, पण तो पुण्यातल्या हजारो प्रोफाइलांवर जसाच्या तसा चिकटवता येतो. तिच्याकडे जे होतं आणि इतरांकडे नव्हतं, नेमकं तेच गेलं होतं.

मग आम्ही लिहिणं बाजूला ठेवलं आणि बोललो. मी तिला अडचणींबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: पगाराची नोकरी लागण्याआधी तू कुणाचं कुठलं काम नेमाने करायचीस, ज्यात चूक झाली तर कुणीतरी जाब विचारायचं?

ती थोडी थांबून म्हणाली, ‘ताई, तसं काही नाही. बाबांच्या टोळीची वही लिहायचे तेवढंच.’

हे ‘तेवढंच’ पुढे आख्ख्या प्रकरणाचा कणा झालं. ती वही कशी असायची ते मी तिला कागदावर काढून दाखवायला सांगितलं. मोंढ्यात हमाल एकेकटे काम करत नाहीत, त्यांची टोळी असते. ट्रक किंवा ट्रॅक्टर आला की टोळी कट्टे, म्हणजे धान्याची पोती, उतरवते, थप्पी लावते, भरलेला माल पुन्हा चढवते. मजुरी कट्ट्यामागे ठरलेली असते आणि ती टोळीच्या नावाने एकत्र मिळते. मग ती आपसांत वाटायची. वडिलांना लिहिता येत होतं पण हिशेबाचा कंटाळा, मुकादमाचं वय झालेलं. त्यामुळे नववीत असल्यापासून वही हिच्याकडे आली.

तिने काढलेलं उदाहरण असं होतं. एका दिवशी टोळीने 640 कट्टे हाताळले. दर कट्ट्याला 7 रुपये धरले तर 4,480 रुपये झाले. माणसं अकरा, पण त्यातली दोघं दुपारनंतर आली. म्हणजे नऊ पूर्ण वाटे आणि दोन अर्धे, मिळून दहा. पूर्ण वाटा 448 रुपये, अर्धा 224. इथपर्यंत सोपं. पण आडत दुकानाच्या नोंदीत कट्टे 628 च निघत. बारा कट्ट्यांचे 84 रुपये कुठे गेले यावरून संध्याकाळी वाद व्हायचा. एकदा ती स्वतः जाऊन दिवसभर बसली तेव्हा तिला कळलं, की दुकानाचा दिवाणजी फक्त उतरलेले आणि चढलेले कट्टे लिहितो. मधेच मालक म्हणतो, ‘ही थप्पी तिकडं घ्या’, ते काम कुठेच नोंदलं जात नाही. तिने वहीत थप्पी बदलण्याचा वेगळा रकाना आखला आणि दिवाणजीची सही त्या रकान्यापुढे त्याच वेळी घ्यायला मुकादमाला सांगितलं. संध्याकाळचा वाद कमी झाला.

यानंतर मी तिला आताच्या नोकरीत काय करतेस ते विचारलं. ट्रकवाल्याचं बिल, गोदामाची माल मिळाल्याची पावती आणि खरेदीची नोंद या तिन्हींचा ताळमेळ. आणि तिथे तिने काही वेगळं शोधलं का? शोधलं होतं. एका गोदामातून दुसऱ्यात हलवलेल्या मालाची उतराई, म्हणजे माल उतरवण्याची मजुरी, दोनदा लागत होती, कारण बिलाच्या नमुन्यात नवीन माल आणि हलवलेला माल यांत भेदच नव्हता. तिने एक्सेलच्या तक्त्यात एक रकाना वाढवला.

म्हणजे गोष्ट तीच होती. मोंढ्यात केलेल्या कामाचे पैसे सुटत होते, पुण्यात एकाच कामाचे पैसे दोनदा जात होते. दोन्हीकडे माल आतल्या आत हलला की नोंद चुकत होती, आणि दोन्हीकडे ते एकाच मुलीच्या नजरेला आलं. तिने स्वतः हा धागा कधी जोडला नव्हता. तिच्या दृष्टीने वही म्हणजे घरकाम आणि एक्सेल म्हणजे नोकरी.

माझं या विषयावरचं म्हणणं एवढंच आहे. लहान गावातलं वाढणं आणि घरातलं पहिलं पदवीधर असणं ही ताकद तेव्हा होते, जेव्हा तिथे केलेल्या एखाद्या नेमक्या कामापासून आजच्या नेमक्या कामापर्यंत सरळ रेघ ओढता येते. रेघ ओढता येत नसेल तर तो तपशील कितीही हृदयस्पर्शी असो, ‘माझ्याविषयी’त त्याची जागा नाही.

शेवटी ठरलेला मजकूर हा. इंग्रजीतून इथे मराठीत देतेय:

‘ट्रकचं बिल, गोदामाची पावती आणि खरेदीची नोंद यांचा ताळमेळ लावणं हे माझं काम. सध्या चार गोदामांची महिन्याला सुमारे अकराशे बिलं मी तपासते.

हे काम मी उदगीरच्या मोंढ्यात शिकले. माझे वडील तिथे हमाल आहेत. नववीपासून पदवीपर्यंत त्यांच्या टोळीची वही मी लिहिली: किती कट्टे उतरले, कोणाचा किती वाटा. थप्पी बदलण्याचं काम दुकानाच्या नोंदीतून सुटतं हे तिथे दिसलं, म्हणून वहीत त्याचा वेगळा रकाना केला. पुण्यात वाहतुकीची बिलं तपासताना याच्या उलट घोळ सापडला. एका गोदामातून दुसऱ्यात गेलेल्या मालाची उतराई दोनदा लागत होती. तोही एक रकाना वाढवून थांबवला.

मी घरातली पहिली पदवीधर. प्रवेश आणि शिष्यवृत्तीचे अर्ज नियम वाचून स्वतः भरले, नंतर गल्लीतल्या मुलांचेही भरून दिले. त्याच सवयीने आमच्या विभागात बिल तपासणीचं पायरीवार टिपण लिहिलं. नंतर रुजू झालेल्या तिघांनी त्यावरूनच काम शिकलं.

आता मला धान्य आणि कडधान्य खरेदीत काम करायचं आहे. ओलावा, काडीकचरा आणि कट्ट्याचं वजन यांनी भावात पडणारा फरक मला कागदावर वाचता येतो आणि मोंढ्यातही. एक्सेल, पॉवर क्वेरी, एसएपीमधल्या खरेदी नोंदी. मराठी, हिंदी, इंग्रजी.’

क्रम बघा. पहिल्या दोन ओळी पूर्ण कामाच्या आहेत, आणि ‘आणखी पाहा’च्या आधी त्याच दिसतात. उदगीर दुसऱ्या परिच्छेदात येतं, तेही ‘हे काम मी शिकले’ या वाक्याला लटकून. गावाबद्दलचं एकही वाक्य मोकळं सोडलेलं नाही. प्रत्येकाच्या मागोमाग कामाचं वाक्य आहे. हे तपासायची सोपी रीत अशी: गावाचं आणि घराचं वाक्य झाकायचं आणि पुढचं कामाचं वाक्य वाचायचं. ते आधाराशिवाय कमी पटत असेल, तर झाकलेलं वाक्य कामाचं आहे. काहीच फरक पडत नसेल तर ते काढून टाकावं.

घरातली पहिली पदवीधर या मुद्द्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. अमेरिकेत या ओळखीला ठरलेला अर्थ आहे. तिथल्या उच्च शिक्षण कायद्यात, आईवडिलांपैकी कोणीही पदवी पूर्ण केलेली नसेल तर तो विद्यार्थी पहिल्या पिढीचा मानतात, आणि विद्यापीठांत त्यांच्यासाठी वेगळे कार्यक्रम असतात. तिथे अर्ज करताना नुसतं एक वाक्य लिहिलं तरी वाचणाऱ्याला त्याचा संदर्भ लागतो. पुण्या-मुंबईतल्या नोकरीत असा रकाना नसतो. इथे ‘मी पहिली पदवीधर’ म्हटल्यावर वाचणारा मनात ‘बरं, मग?’ म्हणतो, आणि त्या ‘मग’चं उत्तर आपणच द्यायचं असतं.

ते उत्तर शोधायला मी तिला विचारलं, की ज्यांच्या घरी पदवीधर असतात त्यांना जे आयतं मिळतं, ते तू कसं मिळवलंस? बी.कॉम.ला असताना महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तो एकदा परत आला होता, उत्पन्नाच्या दाखल्याचं वर्ष चुकलं म्हणून. घरात विचारायला कोणी नाही. सायबर कॅफेवाला प्रत्येक अर्जाचे पैसे घेऊन भरायचा, पण चूक का झाली हे त्याला सांगता येत नव्हतं. तिने सूचना पूर्ण वाचल्या, कुठला दाखला कुठून, किती दिवसांत मिळतो, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी तेच पान गल्लीतली मुलं मागायला यायला लागली. आता नोकरीत नव्या माणसासाठी पायरीवार टिपण लिहिणं हे त्याच पानाचं पुढचं रूप आहे. विचारायला कोणी नसलेल्या माणसाला प्रक्रिया लिहून काढायची सवय लागते, आणि कार्यालयात ती सवय फार थोड्यांना असते. ‘पहिली पदवीधर’ या शब्दांत मालकाच्या कामाचं जे आहे, ते हे.

काय गाळलं तेही सांगते, कारण गाळणं लिहिण्याइतकंच महत्त्वाचं होतं. वडिलांची पाठ दुखावली आणि त्यांना दोन महिने घरी बसावं लागलं, ती गोष्ट तिने आधीच्या एका कच्च्या मजकुरात घातली होती. ती काढली. ती गोष्ट वडिलांची आहे, आणि मुलाखतीत कोणी त्यावर प्रश्न विचारला तर अनोळखी माणसासमोर तिला ते पुन्हा बोलावं लागलं असतं. माझा नियम असा आहे, की जे मुलाखतीत शांतपणे दोन मिनिटं बोलता येणार नाही ते लिहूच नये. घरचं उत्पन्न आणि जात तिने लिहिली नव्हती, ती लिहिण्याचं कारणही नव्हतं. दोनदा लागणारी उतराई थांबवल्याने कंपनीचे किती रुपये वाचले तो आकडाही ठेवला नाही. आकडा मोठा होता आणि तिला तो टाकायचा होता, पण तो कंपनीच्या आतला हिशेब. असा आकडा उघड करणारी मुलगी उद्या आमचाही करेल, असं नवी कंपनी समजते. बिलांची अंदाजे संख्या मात्र चालते, त्यातून कामाचा आवाका कळतो आणि कुणाचं गुपित जात नाही.

‘माझे वडील तिथे हमाल आहेत’ हे वाक्य ठेवायचं की नाही, यावर ती अडली होती. ‘मार्केट यार्डात काम करतात’ एवढंच लिहू का, असं विचारत होती. मी म्हटलं, आधी त्यांनाच विचार. घरच्या माणसाबद्दल जगासमोर लिहायचं तर त्यांना माहीत असलंच पाहिजे. तिने फोनवर विचारलं. वडील म्हणाले, ‘हमालच लिही की. चोरी केली का काय?’ वाक्य राहिलं. माझ्या मते ते सगळ्या मजकुरातलं सगळ्यात भक्कम वाक्य आहे, कारण त्यात ना तक्रार आहे ना दिमाख. वर्तमानकाळात, एका ओळीत, एखाद्याने वडील शिक्षक आहेत म्हणावं तसं.

कॉलेजचं नाव लपवायचाही मोह होता. तिच्या जुन्या प्रोफाइलवर फक्त विद्यापीठाचं नाव होतं, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, आणि कॉलेज गाळलेलं. ‘माझ्याविषयी’त उदगीर अभिमानाने आणि शिक्षणाच्या विभागात उदगीर गायब, हे वाचणाऱ्याला लगेच खटकतं. कॉलेजचं नाव परत आलं. नावाखालची ओळही बदलली. ‘संधीच्या शोधात’ जाऊन तिथे ‘वाहतूक व खरेदी बिलांचा ताळमेळ, कृषीमाल, पुणे’ आलं, कारण शोधणारा हेच शब्द टाकून शोधतो. ‘माझ्याविषयी’ला जोडता येणाऱ्या पाच कौशल्यांतून ‘नेतृत्व’ आणि ‘संवाद’ काढून ताळमेळ, एक्सेल आणि खरेदी ठेवलं.

याचा परिणाम काय झाला तो मोजून सांगता येत नाही आणि तसा दावा मी करणार नाही. एका मोठ्या कंपनीने पाच वर्षांच्या अनुभवाची अट लावली होती, तिथे प्रोफाइल कुणी उघडलंही नसेल. लिहिण्याने असल्या चाळण्या ओलांडता येत नाहीत. पण एका डाळ आणि सोयाबीन प्रक्रिया कंपनीकडून बोलावणं आलं, आणि तिथे काय विचारलं ते सांगण्यासारखं आहे. खरेदी विभागाच्या प्रमुखाने पहिलाच प्रश्न टाकला: ‘थप्पीचा रकाना म्हणजे नक्की काय केलंस?’ तिने त्यांच्यासमोर वही काढून दाखवल्यासारखं कागदावर आखलं. मग त्यांनी ओलाव्यावर आणलं. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के असते, आणि 14 टक्क्यांचा माल आला तर शेतकरी, आडत्या आणि गिरणी यांच्यात काय बोलणं होतं, असा प्रश्न होता. हे पुस्तकातून सांगता येत नाही. तिला सांगता आलं, कारण तिने ते बोलणं ऐकत वही लिहिली होती.

मजकूर बरोबर बसला की नाही हे ओळखायची खूण मला इथे दिसते. आधीचा मजकूर वाचून लोक तिला ‘किती प्रेरणादायी’ म्हणायचे आणि संभाषण तिथेच संपायचं. आता वाचणारा कामाबद्दल पुढचा प्रश्न विचारत होता.

ती जागा तिला मिळाली. पगारावर घासाघीस करताना ‘तुमच्या पार्श्वभूमीला हे चांगलंच आहे’ असं सूचक काहीतरी एचआरकडून आलं. ती शांतपणे म्हणाली, की मी अकराशे बिलांच्या अनुभवावर बोलतेय. आकडा थोडा वाढला. पार्श्वभूमी कामाला जोडून मांडलेली असली, की ती कमी पगाराचं कारण म्हणून वापरणं समोरच्याला अवघड जातं. विनंतीच्या सुरात लिहिलेल्या मजकुराने हे दार आधीच उघडून दिलेलं असतं.

आता ती खरेदीत आहे. मध्यंतरी तिने मजकूर पुन्हा दाखवला. टोळीच्या वहीचा परिच्छेद दोन वाक्यांवर आला होता आणि तिथे हंगामातल्या खरेदीचं काम आलं होतं. मी तिला ‘गल्लीतल्या मुलांचे अर्ज’ही काढायला सांगितलं, कारण आता तिच्या हाताखाली दोघं शिकतात आणि ते उदाहरण जास्त जवळचं आहे. वडिलांचं वाक्य तिने जसंच्या तसं ठेवलं होतं. त्यात बदल सुचवण्यासारखं मला काही दिसलं नाही.